एकाच मोठ्या ग्राहकावरील अवलंबित्व

एकाच मोठ्या ग्राहकावरील अवलंबित्व किंवा ग्राहक-केंद्रीकरण म्हणजे एखाद्या व्यवसायाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा एका किंवा मोजक्या ग्राहकांकडून येण्याची स्थिती होय. मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग, एकाच परदेशी कंपनीसाठी काम करणाऱ्या संगणक-सेवा संस्था, एका साखळी दुकानासाठी कपडे शिवणारे कारखाने आणि एकाच सरकारी खात्याची कामे घेणारे कंत्राटदार यांच्यात ही स्थिती नेहमी आढळते.

असे अवलंबित्व धोक्याचे आहे की नाही, हे केवळ उत्पन्नातील टक्केवारीवरून ठरत नाही. तो ग्राहक गेल्यास उरलेल्या ग्राहकांच्या उत्पन्नातून ठरलेले खर्च भागतात का, न भागल्यास हाताशी असलेला पैसा किती महिने पुरतो आणि त्याच्या जागी नवे काम मिळवण्यास किती महिने लागतात, या तीन गोष्टींच्या तुलनेवरून ते ठरते. ७० टक्के उत्पन्न एका ग्राहकाकडून येत असूनही एखादा व्यवसाय सुरक्षित असू शकतो आणि ३० टक्क्यांवरही दुसरा व्यवसाय अडचणीत येऊ शकतो.

## मोजमाप

सर्वांत साधे मोजमाप म्हणजे वर्षाच्या एकूण विक्रीतील सर्वांत मोठ्या ग्राहकाचा वाटा. लेखाशास्त्रात यासाठी १० टक्के ही मर्यादा रूढ आहे. भारतीय लेखा मानक १०८ नुसार एखाद्या कंपनीच्या महसुलाचा १० टक्के किंवा त्याहून अधिक भाग एका बाह्य ग्राहकाकडून येत असेल, तर तसे जाहीर करावे लागते. ग्राहकाचे नाव सांगणे मात्र बंधनकारक नाही. एकाच नियंत्रणाखालील अनेक कंपन्या या कामासाठी एकच ग्राहक मानल्या जातात. ही मर्यादा माहिती उघड करण्यासाठी आहे. १० टक्क्यांच्या वर धोका सुरू होतो, असा तिचा अर्थ नाही.

विक्रीतील वाटा दोन कारणांनी फसवा ठरतो. पहिले कारण असे की विक्री म्हणजे हाती उरणारा पैसा नव्हे. मोठा ग्राहक सहसा कमी भाव देतो, त्यामुळे विक्रीत ७० टक्के वाटा असलेल्या ग्राहकाचा नफ्यातील वाटा त्याहून कमी असू शकतो. यासाठी *अंशदान* पाहावे लागते. विक्रीच्या रकमेतून त्या विक्रीबरोबर वाढणारे-घटणारे खर्च (कच्चा माल, हत्यारांची झीज, वीज, वाहतूक) वजा केल्यावर जे उरते ते अंशदान. पगार, भाडे, कर्जाचे हप्ते असे दरमहा ठरलेले खर्च या अंशदानातूनच भागवले जातात.

दुसरे कारण असे की वहीतील ग्राहक आणि खरा ग्राहक वेगळे असू शकतात. एखादा लघुउद्योग तीन वेगवेगळ्या कंपन्यांना माल देतो, पण त्या तिघीही तो माल एकाच मोटार कंपनीच्या एकाच मॉडेलसाठी वापरतात, अशी स्थिती पुरवठा साखळीच्या खालच्या थरात सर्रास आढळते. कागदावर तीन ग्राहक दिसले, तरी ते मॉडेल बंद पडल्यास तिघांचेही काम एकाच महिन्यात थांबते. याउलट, एका मोठ्या उद्योगसमूहाचे चार कारखाने स्वतंत्रपणे खरेदी करत असतील, तर एकाने काम काढून घेतले तरी इतर तिघांचे चालू राहू शकते. म्हणून ‘बिल कोणाच्या नावाने निघते’ यापेक्षा ‘कोणाच्या एका निर्णयाने किती काम थांबेल’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

## धोक्याची तीन रूपे

मोठ्या ग्राहकामुळे होणारे नुकसान तीन निरनिराळ्या वाटांनी येते आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

*काम जाणे* हे पहिले रूप. ग्राहक दुसरा पुरवठादार निवडतो, ती वस्तू स्वतः बनवू लागतो किंवा तिची गरजच संपते. झालेल्या पुरवठ्याचे पैसे मिळतात, पण पुढचे उत्पन्न थांबते.

*येणे बुडणे* हे दुसरे रूप. ग्राहक स्वतः दिवाळखोर होतो. यात पुढचे काम तर जातेच, शिवाय उधारीवर दिलेल्या मालाचे पैसेही अडकतात. भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार मालमत्ता विकून पैशांचे वाटप करण्याची वेळ आली, तर तारण घेतलेल्या बँकांचा क्रम माल पुरवणाऱ्यांच्या आधी लागतो. त्यामुळे पुरवठादाराच्या हाती थोडेच येण्याचा संभव असतो.

*भाव पाडला जाणे* हे तिसरे रूप. ते सर्वांत नेहमीचे आणि सर्वांत कमी दिसणारे आहे. ग्राहक जात नाही, पैसेही बुडवत नाही. पण पुरवठादाराला नाही म्हणता येणार नाही हे ओळखून दरवर्षी भाव कमी करण्याचा, पैसे देण्याची मुदत वाढवण्याचा किंवा मालाचा साठा पुरवठादाराच्या खर्चाने ठेवण्याचा आग्रह धरतो. विक्रीचा आकडा तसाच राहतो आणि नफा हळूहळू ग्राहकाकडे सरकतो.

## एक सोडवलेले उदाहरण

पुढील उदाहरण पुण्याजवळील भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात आढळणाऱ्या यंत्रकाम कारखान्याच्या धर्तीवर रचलेले आहे. कारखाना व आकडे काल्पनिक असून कर हिशेबातून वगळले आहेत.

या कारखान्याची दरमहा विक्री ५० लाख रुपये आहे. त्यातील ३५ लाख, म्हणजे ७० टक्के, ‘क’ या ग्राहकाकडून येतात आणि उरलेले १५ लाख सात-आठ लहान ग्राहकांकडून. ‘क’च्या कामात अंशदान ३२ टक्के, तर इतरांच्या कामात ४० टक्के आहे. ठरलेले खर्च दरमहा साडेतेरा लाख आहेत.

| बाब (दरमहा, लाख रुपये) | ‘क’ | इतर | एकूण |
|---|---|---|---|
| विक्री | ३५.० | १५.० | ५०.० |
| अंशदान | ११.२ | ६.० | १७.२ |
| ठरलेले खर्च | – | – | १३.५ |
| शिल्लक | – | – | ३.७ |

या तक्त्यातून पहिली गोष्ट दिसते ती अशी की ‘क’ पूर्णपणे जाण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याचे काम एक-तृतीयांशाने घटले, तरी अंशदान सुमारे ३.७ लाखांनी कमी होते आणि शिल्लक शून्यावर येते. त्याने भावात फक्त ५ टक्के कपात मागितली, तर दरमहा १.७५ लाख रुपये जातात, म्हणजे शिल्लक जवळजवळ निम्मी होते. कारखान्याच्या मालकाला ५ टक्के ही लहान सवलत वाटते, कारण तो तिची तुलना विक्रीशी करतो. तुलना शिलकेशी करायला हवी.

### काम गेल्यास

‘क’चे काम थांबल्यावर ६ लाखांच्या अंशदानातून साडेतेरा लाखांचे खर्च भागवावे लागतात. महिन्याला साडेसात लाखांची तूट येते. काही खर्च कमी करता येतात, पण लगेच नाही. कामगार कमी करायचे तर नोटीस व भरपाई द्यावी लागते. तीन महिन्यांनंतर ठरलेले खर्च ११ लाखांवर आणता येतील असे धरले, तर त्यापुढे तूट महिन्याला पाच लाखांची राहते. (भरपाईची रक्कम सोपेपणासाठी येथे धरलेली नाही.)

आता हाताशी किती पैसा आहे ते पाहावे लागते. बँकेत २२ लाख आहेत. ‘क’ ६० दिवसांनी पैसे देतो, म्हणून त्याच्याकडून ७० लाख येणे आहे. मात्र कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यांचे ३५ लाख देणे आहे आणि कॅश क्रेडिट खात्यातून उचललेले २५ लाख बँकेला परत करावे लागतील. त्यामुळे येण्यातून १० लाखच उरतात. एकूण उपलब्ध रक्कम ३२ लाख होते.

पहिल्या तीन महिन्यांत साडेबावीस लाख संपतात. उरलेले साडेनऊ लाख दरमहा पाच लाखांच्या तुटीला दोन महिन्यांहून थोडे कमी पुरतात. म्हणजे कारखान्याला सुमारे पाच महिने मिळतात.

हे गणित करताना कॅश क्रेडिटची न वापरलेली मर्यादा उपलब्ध पैसा म्हणून धरण्याची चूक वारंवार होते. बँक ही रक्कम मालाचा साठा व ग्राहकांकडील येणी यांच्या प्रमाणात उचलू देते. ‘क’चे काम थांबले की त्याच्याकडील येणी संपतात, आणि त्याबरोबर उचल करण्याची पात्रताही आक्रसते. म्हणजे ज्या दिवशी या मर्यादेची सर्वाधिक गरज भासते, त्याच दिवसांत ती नाहीशी होते.

नव्या कामाला लागणारा वेळ हा हिशेबाचा शेवटचा भाग. मोटार उद्योगात नवा भाग मिळवायचा तर चौकशी, दरपत्रक, साचे व पकडसाधने तयार करणे, नमुना, ग्राहकाची कारखाना-तपासणी, मंजुरी आणि मग हळूहळू वाढणारा पुरवठा असा क्रम असतो. हा काळ दहा महिने धरला, तर दहा महिन्यांची एकूण तूट साडेसत्तावन्न लाख होते आणि हाताशी ३२ लाख आहेत. कमी पडणारे सुमारे साडेपंचवीस लाख, हे या कारखान्याच्या अवलंबित्वाचे रुपयांतील माप होय.

### येणे बुडाल्यास

‘क’ दिवाळखोर झाला तर चित्र याहून वेगळे असते. ७० लाख येत नाहीत, पण व्यापाऱ्यांचे ३५ लाख आणि बँकेचे २५ लाख द्यावेच लागतात. बँकेतील २२ लाख वजा जाता ३८ लाखांची तूट पहिल्याच महिन्यात उभी राहते. येथे पाच महिन्यांची मुदत मिळतच नाही. म्हणूनच या दोन धोक्यांची तपासणी स्वतंत्रपणे केली जाते. पहिल्यात ग्राहकाशी असलेला करार आणि बाजार पाहावा लागतो. दुसऱ्यात ग्राहकाचा ताळेबंद आणि त्याची पैसे देण्याची सवय.

## धोका वाढवणारे व कमी करणारे घटक

समान टक्केवारीच्या दोन व्यवसायांत फरक पडतो तो मुख्यतः बदलाचा खर्च कोणाला अधिक आहे यामुळे. पुरवठादार बदलण्यासाठी ग्राहकाला नव्याने तपासणी, मंजुरी व चाचण्या कराव्या लागत असतील आणि तो भाग दुसरीकडे सहज मिळत नसेल, तर अवलंबित्व दोन्ही बाजूंनी असते. याउलट रेखाचित्रे, साचे आणि कच्च्या मालाचे भाव सगळे ग्राहकाच्या हाती असतील आणि पुरवठादाराचे योगदान फक्त यंत्राचे तास एवढेच असेल, तर ग्राहक साचे उचलून काही आठवड्यांत दुसऱ्या कारखान्यात नेऊ शकतो.

करार असणे आणि कामाची हमी असणे यांतही अंतर आहे. मोटार उद्योगात अनेकदा ‘ओपन पर्चेस ऑर्डर’ दिली जाते. तीत भाव आणि भाग ठरलेले असतात, संख्या मात्र नसते. संख्या दरमहा येणाऱ्या शेड्यूलमध्ये कळते. अशी ऑर्डर तीन वर्षांची असली, तरी पुढच्या महिन्याचे शेड्यूल शून्य आल्यास कराराचा भंग होत नाही.

खर्चाची रचना हा आणखी एक घटक. कर्जाच्या यंत्रांवर चालणाऱ्या कारखान्याचे ठरलेले खर्च मोठे असतात आणि त्याला काम थांबणे सोसवत नाही. घरून काम करणाऱ्या, कर्ज नसलेल्या भाषांतरकाराचे ९० टक्के उत्पन्न एका प्रकाशकाकडून येत असले, तरी वर्षभराचा घरखर्च शिलकीत असल्यास आणि चार महिन्यांत दुसरे काम मिळण्यासारखे असल्यास त्याचा धोका कमी असतो.

ग्राहक-केंद्रीकरण नेहमीच हानिकारक नसते. मोठ्या ग्राहकामुळे विक्रीचा खर्च कमी होतो, उत्पादन एकसारखे चालते आणि साठा कमी ठेवता येतो. पॅनोस पाटाटूकास यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासात ग्राहक-केंद्रीकरण आणि नफाक्षमता यांचा सरासरीने सकारात्मक संबंध आढळला होता. मात्र सरासरी ही टिकून राहिलेल्या संबंधांचा लाभ दाखवते. एखाद्या कंपनीचा एकमेव ग्राहक गेल्यावर काय होते, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही.

## पूर्वसूचना

ग्राहक दूर जात असल्याची चिन्हे बहुधा आधी वहीत दिसतात. शेड्यूलमध्ये दिलेली संख्या आणि प्रत्यक्ष उचललेली संख्या यांतील अंतर सलग काही महिने वाढणे, हे पहिले चिन्ह. ठरलेल्या ६० दिवसांऐवजी पैसे ६५, ७२, ८० अशा वाढत्या दिवसांनी येणे, हे दुसरे. ते काम जाण्यापेक्षा ग्राहकाच्या स्वतःच्या पैशाच्या टंचाईकडे निर्देश करते. तिसरे चिन्ह म्हणजे चालू भागाचे काम नीट चालू असताना नव्या मॉडेलच्या चौकशीत पुरवठादाराचे नाव नसणे. हे चिन्ह सर्वांत महत्त्वाचे असूनही दुर्लक्षित राहते, कारण त्या वेळी विक्री घटलेली नसते. प्रक्रियेचे तपशील किंवा खर्चाची फोड अचानक बारकाईने मागितली जाणे, हेही दुसरा पुरवठादार तयार केला जात असल्याचे लक्षण असू शकते.

## दोन प्रत्यक्ष उदाहरणे

### इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज

ब्रिटनमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही कंपनी चित्र-प्रक्रियेच्या चिपचे आराखडे तयार करून त्यांचे परवाने विकत असे. ॲपलच्या आयफोनमध्ये तिचे ‘पॉवरव्हीआर’ तंत्रज्ञान वापरले जाई, आणि तिच्या उत्पन्नापैकी सुमारे निम्मे ॲपलकडून येई. एप्रिल २०१६ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण सुमारे १२ कोटी पौंड महसुलापैकी सुमारे ६ कोटी पौंड ॲपलचे होते.

३ एप्रिल २०१७ रोजी कंपनीने जाहीर केले की पुढील १५ महिने ते २ वर्षांत ॲपल आपल्या नव्या उत्पादनांत तिचे तंत्रज्ञान वापरणे थांबवणार आहे. त्या एका दिवसात तिच्या समभागाचा भाव ६० टक्क्यांहून अधिक कोसळला. जूनमध्ये संपूर्ण कंपनी विक्रीस काढण्यात आली आणि सप्टेंबरमध्ये कॅन्यन ब्रिज या गुंतवणूक संस्थेने ती ५५ कोटी पौंडांना घेण्याचे ठरवले.

या प्रकरणात दोन बाबी लक्षणीय आहेत. परवाना-शुल्कावर बदलता खर्च जवळजवळ नसतो, म्हणून ॲपलकडून येणारे जवळपास सगळे उत्पन्न अंशदानच होते आणि ते अभियंत्यांच्या पगाराला आधार देत होते. विक्रीतील निम्मा वाटा त्यामुळे प्रत्यक्षात अधिक जड होता. दुसरी बाब अवलंबित्व कमी करण्याच्या प्रयत्नांची. कंपनीने २०१३ मध्ये ‘मिप्स’ हा प्रोसेसरचा व्यवसाय सुमारे १० कोटी डॉलरना घेतला होता. २०१७ मध्ये तो साडेसहा कोटी डॉलरना विकावा लागला. वेगळ्या व्यवसायात पैसा गुंतवला म्हणजे मोठ्या ग्राहकाच्या जागी उत्पन्न उभे राहते असे नाही. जानेवारी २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांत नवा परवाना करार झाला, पण तोवर कंपनीची मालकी बदललेली होती.

### डायलॉग सेमिकंडक्टर

विजेचे नियंत्रण करणाऱ्या चिप बनवणारी डायलॉग सेमिकंडक्टर ही ब्रिटनमध्ये मुख्यालय असलेली कंपनी ॲपलवर याहूनही अधिक अवलंबून होती. तिच्या महसुलापैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाटा ॲपलचा होता. २०१७ च्या अखेरीस ॲपल या चिप स्वतः बनवणार असल्याच्या बातम्या आल्या आणि तिच्याही समभागाचा भाव घसरला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मात्र दोन्ही कंपन्यांनी करार जाहीर केला. ॲपलने काही तंत्रज्ञानाचा परवाना, काही मालमत्ता आणि ३०० हून अधिक कर्मचारी घेण्यासाठी ३० कोटी डॉलर रोख दिले आणि पुढील तीन वर्षांत घ्यावयाच्या मालासाठी आणखी ३० कोटी डॉलर आगाऊ दिले. डायलॉगने याच काळात इतर क्षेत्रांतील चिप बनवणाऱ्या कंपन्या घेतल्या. २०२१ मध्ये जपानच्या रेनेसास कंपनीने डायलॉग सुमारे ४९० कोटी युरोंना विकत घेतली.

टक्केवारीने पाहता डायलॉगचे अवलंबित्व इमॅजिनेशनपेक्षा मोठे होते. पण तिच्याकडे ॲपलला हवे असलेले कुशल मनुष्यबळ व तंत्रज्ञान होते आणि संबंध संपण्याच्या वेळापत्रकाबद्दल वाटाघाट करून ती त्याचे रोख पैशांत रूपांतर करू शकली. ग्राहक गेला, पण जाताना त्याने बदलासाठी लागणारा वेळ आणि पैसा दिला.

## अवलंबित्व कमी करण्याचे मार्ग

नवे ग्राहक शोधणे हा उपाय सर्वांना सुचतो, परंतु तो सर्वांत सावकाश फळ देणारा आहे. म्हणून उपायांचा क्रम वेळेनुसार लावला जातो.

### येणी कमी करणे

हा उपाय येणे बुडण्याच्या धोक्यावर आहे. भारतात सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार ठरलेल्या मुदतीत, आणि कमाल ४५ दिवसांत, पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एकाच ग्राहकावर जगणारा पुरवठादार हे व्याज क्वचितच मागतो, हे या तरतुदीचे व्यवहारातील दुबळेपण आहे.

वरील उदाहरणात ६० दिवसांचे ४५ दिवस झाल्यास ‘क’कडील येणे ७० लाखांवरून साडेबावन्न लाखांवर येते आणि तो दिवाळखोर झाल्यास पहिल्या महिन्याची तूट ३८ लाखांऐवजी साडेवीस लाख होते. काम जाण्याच्या धोक्यावर मात्र या बदलाचा परिणाम होत नाही, कारण जे पैसे नंतर येणार होते तेच आधी आले.

रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचांवर मोठ्या ग्राहकाने स्वीकारलेली बिले बँकांना विकता येतात. या व्यवहारात ग्राहकाने पैसे न दिल्यास बँक लघुउद्योगाकडून वसुली करू शकत नाही. त्यामुळे पैसे लवकर मिळतात आणि बुडण्याचा धोकाही बँकेकडे जातो. निर्यातदारांना मुंबईत मुख्यालय असलेल्या निर्यात पतहमी महामंडळाकडून परदेशी ग्राहकाच्या येण्याचा विमा घेता येतो.

### मुदत मिळवणे

काम जाण्याच्या धोक्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पूर्वसूचनेची अट. उदाहरणातील कारखान्याला पाच महिने मिळतात आणि दहा लागतात. ‘क’ने काम थांबवण्याआधी सहा महिने लेखी सूचना द्यावी आणि त्या काळात सरासरी संख्येच्या ठरावीक प्रमाणात माल उचलावा, अशी अट मिळाली, तर शोध सहा महिने आधी सुरू होतो. मग तुटीत काढायचे महिने चारच उरतात आणि एकही नवा ग्राहक न जोडता कारखाना तग धरू शकतो. संख्येच्या हमीविना नुसती सूचनेची अट मात्र निरुपयोगी असते, कारण करार न मोडता शेड्यूल शून्यावर आणता येते.

अशी अट मागण्याची योग्य वेळ म्हणजे ग्राहक काही नवे मागत असतो ती. तो क्षमता वाढवण्यास सांगतो, तेव्हा नवे यंत्र कोणाच्या पैशाने येणार, त्याच्या कर्जाच्या मुदतीएवढी कामाची हमी आहे का, काम लवकर थांबल्यास उरलेले हप्ते आणि खास त्याच्यासाठी आणलेला कच्चा माल कोणाचा, हे प्रश्न लेखी सुटू शकतात. यंत्र आल्यानंतर ते विचारण्यास जागा उरत नाही. फक्त एकाच भागासाठी चालणारे खास यंत्र पुरवठादाराने स्वतःच्या पाच वर्षांच्या कर्जावर घेणे, हा अवलंबित्व वाढवणारा सर्वांत सामान्य निर्णय आहे.

### इतर ग्राहक वाढवणे

नव्या ग्राहकांचे लक्ष्य टक्केवारीत न ठरवता रुपयांत ठरवणे उपयुक्त असते. ‘क’चा वाटा ७० वरून ५० टक्क्यांवर आणायचा, असे ठरवले तर इतरांची विक्री १५ लाखांवरून ३५ लाखांवर न्यावी लागेल. पण सुरक्षिततेसाठी एवढ्याची गरज नाही. काटकसरीनंतरचे ठरलेले खर्च ११ लाख आहेत आणि इतर कामांत अंशदान ४० टक्के आहे. म्हणजे इतरांची विक्री दरमहा साडेसत्तावीस लाख झाली की ‘क’ गेल्यावरही कारखाना तुटीत राहत नाही. त्या वेळी ‘क’चा वाटा ५६ टक्के असेल. टक्केवारी तेव्हाही मोठी दिसेल, परंतु कारखाना बंद पडण्याचा धोका संपलेला असेल.

हा हिशेब नवे काम असलेल्या यंत्रांवरच, रिकाम्या पाळीत, होईल असे धरतो. त्यासाठी नवी यंत्रे कर्जावर घ्यावी लागली, तर ठरलेले खर्च वाढतात आणि लक्ष्यही पुढे सरकते. म्हणून नवे काम निवडताना सध्याची यंत्रे, माणसे व कौशल्य वापरणारे, पण वेगळ्या उद्योगाच्या चढ-उतारांवर चालणारे काम शोधले जाते. मोटारीच्या भागांचे यंत्रकाम करणारा कारखाना पंप, शेती अवजारे किंवा रेल्वेसाठी तेच काम करू शकतो. दुसऱ्या मोटार कंपनीचे काम ‘क’ने दुसरा पुरवठादार निवडण्यापासून वाचवते, सगळ्या मोटार बाजारातील मंदीपासून वाचवत नाही.

प्रत्यक्षात हा उपाय फसतो तो वेळेच्या वाटपात. लहान ग्राहकाचे दोनशे नगांचे काम ‘क’च्या वीस हजार नगांपुढे नेहमी मागे ढकलले जाते, माल उशिरा जातो आणि नवा ग्राहक परत येत नाही. आठवड्यातील ठरावीक यंत्र-तास इतरांसाठी राखून ठेवणे आणि ते ‘क’च्या तातडीच्या कामासाठीही न देणे, ही शिस्त पाळली गेली तरच वाढ टिकते.

### वाटा कमी होण्याचा चुकीचा अर्थ

मोठ्या ग्राहकाचा वाटा दोन कारणांनी घटू शकतो: इतरांचे काम वाढल्याने किंवा त्याचे स्वतःचे काम घटल्याने. दोन्ही वेळी टक्केवारी सारखीच उतरते. ‘क’ची विक्री ३५ लाखांवरून १५ लाखांवर आली, तर त्याचा वाटा ७० वरून ५० टक्के होईल, पण कारखाना दरमहा २.७ लाखांच्या तुटीत जाईल. त्यामुळे प्रगती मोजण्यासाठी मोठ्या ग्राहकाचा वाटा नव्हे, तर इतर ग्राहकांचे अंशदान ठरलेल्या खर्चांच्या किती भागाला पुरते, हे प्रमाण वापरले जाते. वरील कारखान्यात ते सध्या साडेतेरापैकी सहा, म्हणजे सुमारे ४४ टक्के आहे.

## मर्यादा

या पद्धतीतील सर्वांत कच्चा आकडा म्हणजे नवे काम मिळवण्यास लागणारा काळ. तो अंदाजाने धरला जातो आणि सहसा कमी धरला जातो. मागील दोन-तीन नव्या ग्राहकांच्या बाबतीत पहिल्या चौकशीपासून नियमित बिले निघेपर्यंत प्रत्यक्षात किती महिने लागले, हे स्वतःच्या वहीतून काढणे अधिक विश्वसनीय असते. शिवाय मंदीमुळे मोठा ग्राहक गेला असेल, तर त्याच वेळी इतर ग्राहकांचे कामही घटते आणि नवे काम मिळण्यास अधिक वेळ लागतो. अशा स्थितीत तिन्ही आकडे एकदम बिघडतात. काही व्यवसायांत दुसरा ग्राहक अस्तित्वातच नसतो. देशात ज्या वस्तूचा एकच खरेदीदार आहे, तिच्या उत्पादकाला ग्राहक वाढवण्याचा मार्ग बंद असतो, आणि कर्ज कमी ठेवणे, शिल्लक मोठी ठेवणे व तेच कौशल्य वापरणारे दुसरे उत्पादन उभे करणे एवढेच उपाय उरतात.